फुटतो, पण जात नाही

"डॉक्टर, दीड महिना झाला. फुटतो, दोन दिवस बरं वाटतं, की परत तिथेच येतो. सासूबाई म्हणतात उष्णता आहे." आई सांगत होती आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा खुर्चीत पाय हलवत बसला होता. सब्जाचं पाणी, गुलकंद, ओठाला तूप, सगळं करून झालं होतं. मी त्याचा खालचा ओठ बाहेर वळवला. आतल्या बाजूला, मधोमध नाही, जरा उजवीकडे, सुळ्याच्या समोर वाटाण्याएवढा निळसर फुगवटा होता. बोट लावलं तर मऊ आणि पाण्याने भरल्यासारखा. दुखत मुळीच नव्हता.

हा म्यूकोसील. उष्णतेशी त्याचा काही संबंध नाही.

तुम्ही स्वतःच्या खालच्या ओठाच्या आतून जीभ फिरवून बघा, रव्यासारखे बारीक दाणे लागतील. त्या लाळेच्या छोट्या ग्रंथी. प्रत्येकीची एक बारीक नळी तोंडात उघडते. ओठ दाताखाली सापडला की कधीकधी ही नळी फाटते. पण ग्रंथीचं काम थांबत नाही. ती लाळ बनवतच राहते आणि वाट तुटलेली असल्याने ती चिकट लाळ तोंडात येण्याऐवजी ओठाच्या आतच साचते. शरीर तिच्याभोवती एक कच्ची भिंत घालतं आणि फोड तयार होतो. वरची त्वचा ताणून पातळ होते, म्हणून आतला द्रव निळसर दिसतो.

आता तो फुटून परत का येतो, हे लक्षात येईल. जेवताना दात लागला की फोड फुटतो आणि चिकट पाणी निघून ओठ सपाट होतो. घरचे म्हणतात, गेला एकदाचा. पण गेलेलं असतं ते साचलेलं पाणी. नळी तुटलेलीच असते आणि ग्रंथी चालूच असते, म्हणून काही दिवसांत फोड परत भरतो. सुईने टोचणारे पालकही मी पाहिलेत. त्याने तेवढ्यापुरतं पाणी जातं आणि जंतुसंसर्गाची जोखीम मात्र वाढते.

एखाद्या मुलाला हे सायकलवरून एकदाच पडल्यावर होतं, एखाद्याला दाताच्या उपचारानंतर बधिर ओठ चावल्यामुळे. या मुलाचं कारण मात्र समोरच बसलं होतं. वरचे पुढचे दात बाहेर आलेले, त्यामुळे खालचा ओठ आपोआप त्यांच्यामागे जाऊन बसायचा. आई बोलत असताना तो तोच ओठ दातांत धरून चोखत होता. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता.

फोड नवा आणि लहान असेल, तर मी लगेच हात लावत नाही. चावणं थांबलं तर काही आठवड्यांत काही फोड आपोआप बरे होतात. दोन-तीन महिने टिकला, पुन्हा पुन्हा भरला, वाढला किंवा चावताना मध्ये यायला लागला, की काढावा. वरच्या ओठावरची गाठ, घट्ट गाठ, दाबल्यावर फिकी पडून परत रंग भरणारी गाठ, यांच्याबाबतीत मात्र मी म्यूकोसील गृहीत धरत नाही. ते दुसरं काही असू शकतं.

या मुलाचा फोड आम्ही आणखी महिनाभर पाहिला. तो दोनदा भरला, मग काढायचं ठरवलं. आधी बधिर करणारी जेल, मग ओठात इंजेक्शन. मूल शांत बसत असेल तर एवढ्यावर काम होतं, नाहीतर भूल द्यावी लागते. वरच्या पातळ त्वचेवर छेद घेऊन फोड बाजूने सोडवायचा. खरं काम त्याच्या पुढे असतं. फोडाच्या तळाशी द्राक्षाच्या घोसासारखे पिवळसर बारीक दाणे दिसतात, त्याच ग्रंथी. नुसता फोड काढला आणि त्या राहिल्या, तर सगळा खटाटोप वाया जातो. टाके घालतानाही जपावं लागतं, कारण शेजारच्या ग्रंथीला सुई लागली तर नवा फोड यायचा. चार विरघळणारे टाके घातले आणि काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला पाठवला.

आईला मी एकच गोष्ट दोनदा सांगितली. पुढचे दोन-तीन तास ओठ बधिर राहील, तेवढा वेळ याला खायला देऊ नका आणि याच्याकडे बघत राहा. बधिर ओठ मुलांना जाड, परका वाटतो, म्हणून ते तो चावून बघतात आणि दुखत नसल्याने चांगला चावतात.

आठवड्याने तो आला तेव्हा जखम भरत आली होती. अहवालात सांडलेली लाळ, भोवतीची सूज आणि ग्रंथींचे तुकडे असं होतं, म्हणजे निदान बरोबर होतं. पुढे आलेल्या दातांसाठी ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवतोय, असं मी आईला सांगत होतो. तेवढ्यात मुलाचा खालचा ओठ परत वरच्या दातांमागे गेला. आईने न बोलता त्याच्या हनुवटीला बोट लावलं आणि त्याने ओठ सोडला.