गोष्ट काल घडली, मग मध्येच आज का होते?

घरच्या ग्रुपवर एखादा प्रसंग कळवताना सुरुवात नीट होते. पुढे रंगत वाढली की क्रियापदं नकळत काळ बदलतात. नमुन्यादाखल हा निरोप पाहा:

‘काल आई बाजारातून परत आली. पिशवी रिक्षातच राहिली. ती धावत नाक्यावर गेली, पण रिक्षा निघून गेली होती. तेवढ्यात रिक्षावाला परत येतो, पिशवी तिच्या हातात देतो आणि म्हणतो, “पैसे मोजून घ्या.” मग आईने त्याला चहा पाजला.’

पहिली तीन वाक्यं भूतकाळात, चौथं वर्तमानकाळात आणि पाचवं पुन्हा भूतकाळात. वर्तमानकाळ इथे व्याकरणाच्या बाहेरचा नाही. ‘१६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याला जातात’ असं आपण लिहितोच. त्याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. बोलताना आवाजाच्या चढउतारामुळे असा बदल खपूनही जातो. लिहिलेल्या पाच ओळींत मात्र वाचक अडखळतो: रिक्षावाला काल आला, की आत्ता येतो आहे?

दुरुस्त करताना मराठीत नुसतं क्रियापद बदलून भागत नाही. ‘तो पिशवी देतो’ या वाक्यात क्रियापद ‘तो’च्या मागे जातं. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद पिशवीच्या मागे जातं: ‘त्याने पिशवी दिली’. ‘येणे’ आणि ‘म्हणणे’ यांना मात्र हा ‘ने’ लागत नाही. म्हणून चौथं वाक्य असं होईल: ‘तेवढ्यात रिक्षावाला परत आला. त्याने पिशवी तिच्या हातात दिली आणि तो म्हणाला, “पैसे मोजून घ्या.”’

सगळा निरोप वर्तमानकाळात हवा असेल, तर पहिल्या वाक्यापासून तो तसा लिहावा लागतो: आई परत येते, पिशवी राहते, ती नाक्यावर धावत जाते. ‘निघून गेली होती’चं तिथे ‘निघून गेलेली असते’ होतं आणि ‘आईने चहा पाजला’चं ‘आई चहा पाजते’. शेवटच्या वाक्यातला ‘ने’ तसाच राहिला, तर दुरुस्ती अर्धवट झाली हे लगेच कळतं.

भूतकाळातल्या गोष्टीतही काही वर्तमानकाळ योग्यच असतात. अवतरणातलं बोलणं जसंच्या तसं राहतं. ‘रिक्षावाला म्हणाला, की मी रोज इथेच थांबतो’ यातलं ‘थांबतो’ बरोबर आहे, कारण मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचा मूळ काळ कायम राहतो. ‘नाका घरापासून जवळ आहे’ हेही चालतं. नाका आजही तिथेच आहे.

म्हणून निरोप पाठवण्यापूर्वी अवतरणातला आणि ‘की’नंतरचा मजकूर बाजूला ठेवून फक्त घटना पुढे नेणारी क्रियापदं ओळीने वाचावीत: आली, राहिली, गेली, येतो, देतो. कुठे सांधा बदलला ते तिथेच दिसतं. ‘काल’ या शब्दाने सुरू होणाऱ्या छोट्या निरोपाला भूतकाळच अधिक सोयीचा.