गंजलेलं कुलूप आणि रॉकेलची धार

गणपती आठवड्यावर आले होते आणि चिपळुणातल्या दाजींच्या गोदामाचं शटर उघडत नव्हतं. मखरं, माळा, पडदे सगळं आत. शिमग्यानंतर कुलूप कुणी हलवलं नव्हतं आणि कोकणातला पाऊस वर तीन महिने कोसळलेला. किल्ली आत जाई, पण फिरत नसे.

"आजोबा, हातोडा आणू?" नातवाने विचारलं.

"आण, पण लाकडी. आणि शिलाई मशीनचं तेलही आण."

लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते. मूळ धातूपेक्षा गंज फुगीर असतो, म्हणून आतल्या पट्ट्या एकमेकींत अडकून बसतात. अशा वेळी घट्ट तेल कामाचं नाही, ते तोंडाशीच थांबतं. दाजींनी मशीनच्या तेलात तेवढंच रॉकेल मिसळलं. रॉकेल पातळ, ते फटीत ओढलं जातं आणि तेलालाही आत नेतं. खोबरेल तेल मात्र त्यांनी नातवाला परत ठेवायला लावलं. घरात सर्वांत आधी हाताला लागतं तेच, पण पुढे ते चिकट होऊन धूळ धरतं.

कुलूप लटकलेलं असताना किल्लीचं भोक खाली असतं, तिथे घातलेलं तेल बाहेरच गळतं. म्हणून आधी त्यांनी वर, कडी जिथे आत शिरते तिथे थेंब सोडले. मग कुलूप उलटं करून सुतळीने बांधलं आणि सुईविना सिरिंजने भोकात धार धरली. बाजूंनी लाकडी हातोड्याने हलके ठोके दिले आणि शटर तसंच सोडून घरी गेले. विडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला तेवढं लांब बसायला सांगितलं.

सकाळी भोकातून तांबूस तेल ओघळलेलं दिसलं, म्हणजे गंज सुटू लागला होता. किल्ली घालून त्यांनी ती केसभर इकडे, केसभर तिकडे हलवली. किल्लीची मान पिळवटतेय असं वाटलं की थांबायचं, पुन्हा थेंब. पितळी किल्ली आत तुटली तर कुलूप कापायची वेळ येऊ शकते.

दुपारी किल्ली अर्धी फिरली आणि अडली. नातू जोर लावायला पुढे झाला. दाजींनी त्याला शटरच्या खालच्या पट्टीवर पाय देऊन उभं राहायला सांगितलं. स्प्रिंगच्या ओढीने शटर किंचित वर उचललं गेलं होतं आणि कडी कोयंड्यात ताणून बसली होती. असा ताण असला की नवं कुलूपही उघडत नाही. पट्टी दबली तशी किल्ली फिरली, कडी खट्कन वर आली.

शटर वर गेल्यावर नातू मखरांकडे धावला. दाजींनी मात्र कुलूप रॉकेलच्या डब्यात टाकलं. धुऊन, उन्हात वाळवून, आत थेंबभर तेल सोडलं. रात्री ते परत लावताना त्यांनी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला, पावसाची झड कडीच्या भोकांत जाऊ नये म्हणून.