पसायदान: शेवटचा ‘ओ’ ऐका, मग अर्थ लागेल

ज्यांना ऐकायला वेळ नाही, नेटवर्क नाही किंवा शेजारी कुणी झोपलंय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलता बोलता जे झालं ते थोडं सावरून लिहिलंय, इतकंच.

आजचा विषय सगळ्यांना पाठ असलेला आहे: पसायदान. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी येणाऱ्या नऊ ओव्या. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मधली मराठी. शाळेच्या परिपाठात, कीर्तनाच्या शेवटी, गावातल्या कार्यक्रमात आपण ती म्हणतो. चाल लागली की तोंड आपोआप चालतं. पण मधेच कुणी थांबवून विचारलं, ‘व्यंकटी म्हणजे काय रे?’ तर?

आपल्या झरी जामणीत या प्रश्नाला एक वेगळीच गंमत आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. तिकडे आणि आपल्या सीमेवरच्या गावांत व्यंकटी हे माणसाचं नाव असतं. तालुक्यातल्या कितीतरी मुलांच्या घरची बोली कोलामी, गोंडी किंवा तेलुगू. अशा वर्गात पसायदान सुरू झालं आणि ‘व्यंकटी’ आला, की एखाद्याला वाटणारच, हा कुठला काका? तर तो काका नाही. इथे व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माणसाच्या वागण्यातला, मनातला तिढा.

आता त्याच ओवीतले आजूबाजूचे दोन शब्द घेऊ, कारण खरा घोटाळा त्यांच्यात आहे.

ओळखीचे वाटतात तेच फसवतात

‘व्यंकटी’ अनोळखी आहे, म्हणून निदान आपण अडतो तरी. ‘सांडो’पाशी कुणी अडत नाही. सांडणं म्हणजे सांडणं, दूध सांडलं, पाणी सांडलं, संपला विषय. पण जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे, गळून पडणे. ‘लाज सांडली’ असं आजही कुणी म्हणतं, त्यात लाज जमिनीवर ओतलेली नसते, सोडून दिलेली असते. तो जुना अर्थ तिथे शिल्लक राहिलाय.

दुसरा शब्द ‘खळ’. पोस्टर चिकटवायची ती खळ ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या घरचा असाल तर खळं आठवेल, जिथे तूर, ज्वारी मळायची. मग ‘खळांची’ म्हणजे खळ्यांवरची काही गोष्ट आहे का? इथे व्याकरण मदतीला येतं. शब्द ‘खळं’ असता तर रूप ‘खळ्यांची’ झालं असतं, तळं–तळ्यांची होतं तसं. ‘खळांची’ झालंय, म्हणजे मूळ शब्द ‘खळ’ आहे. संस्कृतातला खल, म्हणजे दुष्ट माणूस. आपला ‘खलनायक’ त्याच घरातला.

आता तिन्ही एकत्र ठेवा. वाकडेपणा गळून पडावा. कुणाचा? दुष्टांचा. म्हणजे मागणं असं आहे की दुष्ट माणसांमधला दुष्टपणा जावा. माणसं जावीत असं नाही.

हा फरक बारीक वाटतो, पण अख्ख्या प्रार्थनेचा अर्थ त्यावर उभा आहे. कुणी या जागेचा अर्थ ‘दुष्टांचा नाश होवो’ असा सांगितला, तर तो बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं? आपल्या मतावर सोडायची गरज नाही. लगेच पुढे ‘तयां’ असा एक छोटा शब्द आहे, आणि त्याच्या सोबत ‘रती’ आणि ‘वाढो’.

‘तयां’ म्हणजे त्यांना किंवा त्यांची. आज आपण ‘ना’ लावतो: त्यांना, लोकांना, मुलांना. तेव्हा नुसतं ‘-आं’ पुरायचं. आणि ‘रती’ म्हणजे सोनाराची रती नव्हे, आवड. चांगल्या कामाची आवड ‘त्यांच्यात’ वाढावी असं मागितलंय. हे ‘ते’ कोण? आत्ताच ज्यांचं नाव घेतलं ते खळच. ज्यांचा नाश मागायचा, त्यांना पुढच्याच श्वासात चांगल्या कामाची गोडी कशी मागणार? म्हणजे नाशाचा अर्थ तिथे बसतच नाही.

तसाच ‘-आं’ पुढे ‘भूतां’मध्ये आहे. भूत म्हणजे पिंपळावरचं नाही बरं का. जे जे झालंय, जन्माला आलंय, ते भूत. सगळे जीव. त्यांची एकमेकांत मैत्री व्हावी. आणि ‘मैत्र’ म्हणजे मित्र नाही, मैत्री. ‘सगळे जीव’ म्हटलं की कालपर्यंतचे खळही त्यातच आले.

दोन ‘ओ’

आता कानाची एक युक्ती. पसायदान मनातल्या मनात म्हणा आणि शब्दांची शेपटं ऐका. सांडो, वाढो, पडो, जावो, लाहो. सगळीकडे ‘ओ’. हे एखाद्या गोष्टीची इच्छा करण्याचं रूप आहे: व्हावं, मिळावं, जावं.

हे रूप मेलेलं नाही. तुमच्या फोनमध्ये रोज येतं. ‘उदंड आयुष्य लाभो’, ‘आत्म्यास शांती लाभो’, ‘यश मिळो’. आजी चिडली की ‘जळो मेलं’ म्हणते, तेही तेच. आशीर्वाद आणि शिव्याशाप, या दोन जागी तेराव्या शतकाचं व्याकरण अजून नांदतंय.

अनेकवचनाचं शेपूट मात्र बदललं. आज आपण ‘होवोत’, ‘भेटोत’ म्हणतो. पसायदानात ‘होतु’ आणि ‘भेटतु’ आहे. ‘होतु’ बघून ‘होता’ची आठवण येते आणि वाटतं, झालेली गोष्ट सांगताहेत. तसं नाही. तीही इच्छाच. ते सोयरे होवोत, ते भेटोत.

मग शेवटच्या ओवीत ‘ज्ञानदेवो’ येतं. इथेही ‘ओ’. पण हा ‘ओ’ वेगळा. इथे कुणी काही मागत नाही. जुन्या मराठीत पुल्लिंगी नाम कर्ता म्हणून आलं की त्याच्या शेवटी बरेचदा ‘उ’ किंवा ‘ओ’ लागायचा. देव–देवो, राव–रावो. म्हणजे ‘ज्ञानदेवो’ हा नुसता ज्ञानदेवच.

दोन्ही ओळखायचे कसे? ‘ओ’ काढून बघा. ‘वाढो’चा काढला की ‘वाढ’ उरतं, एक क्रिया. ‘ज्ञानदेवो’चा काढला की माणसाचं नाव उरतं. क्रिया उरली तर इच्छा, नाव उरलं तर नुसता कर्ता. प्रत्येक जुन्या ओवीत ही युक्ती चालेलच असं नाही, कारण ‘वाढ’ हे नामही असू शकतं. मग शेजारचे शब्द बघायचे. पण पसायदानापुरती ती पुरते.

लाहो आणि पसाय: आवाज कुठे गेला?

‘लाहो’ हा शब्द बहुतेकांना कोडं वाटतो. पण तो ‘लाभो’चा भाऊच आहे. संस्कृतातला ‘भ’ प्राकृतातून मराठीत येताना पुष्कळदा ‘ह’ झाला. गभीरचं गहिरं झालं, प्रभातची पहाट झाली. तसंच मिळवणे या अर्थाचा जुना शब्द ‘लाहणे’. ‘लाभ’ संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, ‘लाह’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडातून घासत आला. आज उचललेला टिकला आणि घासलेला विसरला गेला. तर ‘लाहो’ म्हणजे लाभो, मिळो. ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळो.

आता नावच घ्या: पसायदान. पुष्कळांना यात ‘पसा’ ऐकू येतो. पसाभर धान्य, ओंजळभर दान. कल्पना छान आहे, पण हा शब्द तो नाही. ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. ‘प्र’मधला ‘र’ गळला, ‘प’ उरला. शेवटचा ‘द’ विरला आणि तिथे ‘य’ आला. जसं ‘पाद’चा ‘पाय’ झाला, तसा ‘प्रसाद’चा ‘पसाय’.

आणि प्रसाद म्हणजे तरी काय? पेढा, साखरफुटाणे हा नंतरचा अर्थ. मुळात प्रसाद म्हणजे प्रसन्न होणं, कृपा. पसायदान म्हणजे कृपेचं दान. शेवटच्या ओवीत ‘पसावो’ असा शब्द आहे. तोही हाच, फक्त तिथे आत्ता पाहिलेला कर्त्याचा ‘ओ’ लागलाय आणि ‘य’च्या जागी ‘व’ आलाय. सुरुवातीला मागितलेला ‘पसाय’ शेवटी ‘पसावो’ होऊन मिळतो. शब्द एकच आहे हे कळलं नाही, तर मागणं आणि मिळणं यांची ही गाठच दिसत नाही.

एका जागी दोन अर्थ

सगळं असं सरळ सुटत नाही. ‘पाहो’ घ्या. सरळ अर्थ बघो. पण जुन्या मराठीत ‘पाहणे’ म्हणजे उजाडणेही होतं, पहाटेच्या घरातलं. ओवीत त्याच्या आधी अंधार जाण्याची गोष्ट आहे आणि सोबत सूर्य आहे. म्हणून जगाने स्वधर्माच्या सूर्यप्रकाशात बघावं, असाही अर्थ लागतो, आणि त्या सूर्याने जगात उजाडावं, असाही. शब्दाचं शेपूट इथे निकाल देत नाही, दोन्ही अर्थांत ते ‘पाहो’च राहतं. अशा जागी एकच अर्थ दामटून सांगण्यापेक्षा दोन्ही सांगावेत.

पाठांचाही प्रश्न असतो. ज्ञानेश्वरी हातांनी उतरवत आली. उतरवताना शब्द बदलत गेले, म्हणून संत एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली. पुढे 1909 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी वेगळ्या जुन्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी छापली, तिच्यात रूपं आणखी जुनी दिसतात. आजच्या छापील पुस्तकांतही शेवटी कुठे ‘जाला’ असतं, कुठे ‘झाला’. अर्थ एकच. तुमच्या आणि मित्राच्या पुस्तकात फरक दिसला, तर लगेच कुणाला चूक ठरवू नका.

शेवटी एक गृहपाठ. ‘किंबहुना’ हा शब्द. आज आपण तो ‘उलट’, ‘एवढंच नाही तर’ अशा अर्थाने वापरतो. त्याची फोड करा: किम्, बहुना. फार बोलून काय? पसायदानात तो ‘आता आणखी काय सांगू, थोडक्यात इतकंच’ अशा सुरात येतो. एकदा तो जुना अर्थ मनात ठेवून ती ओवी म्हणून बघा. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी शब्दकोश फोनवर फुकट बघता येतो. आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश कॉलेजच्या ग्रंथालयात असेल तर तो आधी काढा, कारण मोल्सवर्थ नंतरच्या काळातली मराठी सांगतो.

पुढच्या भागासाठी ‘अलांछन’वर तुमचा अंदाज व्हॉइस नोटने पाठवा. इशारा एकच: तिथे कुणाची बदनामी चाललेली नाही, चंद्रावरच्या डागाची गोष्ट आहे. भेटू!