रस्ता आणि कायदा (भाग ६) : धडक बसल्यानंतर

पादचाऱ्याला धडक बसली की चालकाला आधी धास्ती वाटते ती जमावाची. ही धास्ती कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३४ सांगते, की जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी चालकाने शक्य ते सारे करावे. जमाव खवळला किंवा परिस्थिती हाताबाहेर गेली, तर मात्र त्याला यातून सूट आहे.

सूट एवढीच. समजा, रात्री एसटी स्टँडसमोर रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना कारने उडवले, लोक धावून आले आणि कुणीतरी काचेवर दगड घातला. चालकाने तिथून गाडी काढली, तर तेवढ्याने तो दोषी ठरत नाही. पण पुढे त्याने जवळचे पोलीस ठाणे गाठून घडले ते सांगायला हवे, जखमीला का उचलता आले नाही तेही. हे शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत. दारू उतरेपर्यंत दडी मारून बसायची सवलत म्हणून ही मुदत दिलेली नाही! विमा कंपनीलाही लेखी कळवावे लागते.

हे कर्तव्य चुकवल्यास कलम १८७ नुसार पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्याला तडफडत सोडून जाण्याला ही शिक्षा तोकडीच. निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा खटला अर्थात वेगळा चालतो.

आता त्या आजोबांना रिक्षात घालणाऱ्याचे काय? त्याला पोलिसांच्या फेऱ्यांची भीती असते, आणि ती उगाच नव्हती. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या परमानंद कटारा प्रकरणात अशीच घटना होती : कारने उडवलेल्या स्कूटरस्वाराला एकाने जवळच्या रुग्णालयात नेले, पण पोलीस केस म्हणून डॉक्टरांनी त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता दाखवला. तिथे पोहोचण्याआधीच स्कूटरस्वार गेला. आधी उपचार, कागद नंतर, असे न्यायालयाने तेव्हा बजावले.

मदत करणाऱ्याला कायद्याचे कवच मिळायला मात्र आणखी तीस वर्षे लागली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले. सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तातडीची मदत करणाऱ्याच्या हातून काही चूक झाली, जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. हे हक्क रुग्णालयाने दर्शनी भागात, स्थानिक भाषेतही लावायचे असतात.

साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. तो तयार झाला, तर जबाब त्याच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी, एकाच बैठकीत घ्यायचा. आणि पोलिसाने शक्यतो साध्या कपड्यांत यायचे.