दोन टक्क्यांची मेल

आपल्या मालात घाण किती, हे विक्रीच्या पत्रात कोणी लिहीत नाही. तेल्हाऱ्याहून पुण्याकडच्या एका औषध कंपनीला गेलेली मेल एका परिचिताने मला दाखवली आणि मी तिच्या मधल्याच एका वाक्यापाशी थबकलो: ‘100 ग्रॅम नमुन्यात देठ, काड्या व माती मिळून 1.6 ग्रॅम निघाली.’ दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. असं लिहिणारा माणूस एकतर फार भाबडा असणार, नाहीतर फार पोचलेला. तो कोणता, हे बघायला मी तेल्हाऱ्याला गेलो.

माल म्हणजे पानपिंपळी. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांच्या जोडीने हा वेल जपला आहे. दक्षिणेला पूर्णेकडे खारपाणपट्टा लागतो आणि तिथे हा वेल तग धरत नाही. त्याला गोडं पाणी आणि सावली लागते. कणसासारखं बारीक फळ पिकून मऊ पडायच्या आत, हिरवं-काळपट असताना तोडतात आणि उन्हात वाळवतात. दहा किलो ओल्या फळाचा दीड किलोच्या आसपास वाळका माल होतो. आयुर्वेदात हीच पिप्पली.

मेल पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातलं एक टेबल. तिथे शिरताच घशाला खवखव सुटते. पोत्यांतून येणारा तो वास मिरीचा वाटतो, पण नाकात शिरून बसतो मिरीपेक्षा जास्त वेळ. लिखापढी सांभाळणारा तरुण बी.कॉम. झालेला आहे. त्याने आधी जुनी मेल उघडून दाखवली. विषय होता ‘उत्तम दर्जाची आयुर्वेदिक वनस्पती उत्पादने’. खाली: ‘आमची संस्था दर्जेदार माल रास्त दरात पुरवते. आपल्यासारख्या नामांकित कंपनीशी दीर्घकालीन संबंध जोडण्यास आम्ही उत्सुक आहोत.’ ही मेल त्याने सापडेल त्या info@ पत्त्यावर पाठवली होती.

“चाळीस मेल गेल्या भाऊ. एकाचंबी उत्तर नाही. काहून येईन? हेच पत्र मी सोयाबीनचं म्हनून पाठवलं असतं तरी चाललं असतं.”

दुसरा खर्डा त्याने अभ्यास केल्यासारखा दिसावा म्हणून लिहिला. पुण्याकडच्या त्या कंपनीच्या वेबसाइटवरून स्थापनेचं वर्ष उचललं, संस्थापकांचं नाव घातलं, ‘आपल्या गौरवशाली परंपरेने आम्ही प्रभावित झालो’ असं एक वाक्य ठोकलं. माझ्या मते हा खर्डा पहिल्यापेक्षा वाईट होता. पहिल्यात नुसतं अज्ञान होतं, यात त्यावर अत्तर शिंपडलं होतं. खरेदी बघणाऱ्याला आपल्या संस्थापकांचं नाव ठाऊकच असतं. समोरच्याकडे काय आहे आणि ते आपल्या कामाचं आहे का, एवढंच त्याला हवं असतं.

तिसरा खर्डा सुरू झाला तो मेडिकलच्या दुकानात. त्याने त्या कंपनीच्या सितोपलादी चूर्णाची डबी विकत आणली आणि मागचं वाचलं. सितोपलादीचं प्रमाण ठरलेलं आहे: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. एकूण 31 भागांत 4 पिंपळीचे, म्हणजे शंभर किलो चूर्णाला जवळजवळ 13 किलो. त्रिकटूत सुंठ, मिरी, पिंपळी समसमान, म्हणजे तिथे तिसरा हिस्सा. त्याच्याकडे माल होता 300 किलो. कागदावर मांडल्यावर त्याला दिसलं की एवढ्यात सव्वादोन टनांवर सितोपलादी होतं. मोठ्या कारखान्याला हे किरकोळ, मधल्या कंपनीला मात्र विचार करण्याजोगं. मोठ्यांची नावं त्याने यादीतून खोडली. गृहपाठ म्हणायचा तर हा: कोणाला लिहायचं नाही ते ठरवणं.

मग अकोल्यातल्या एका वैद्यांनी त्याला सरकारी आयुर्वेदिक फार्माकोपियातला आकडा सांगितला. पिप्पलीत परकीय द्रव्य दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आता तो आकडा गोदामात सगळ्यांच्या तोंडी आहे. दोन टक्के.

त्याला वाटलं होतं, ‘आमचा माल प्रमाणानुसार आहे’ एवढं मेलमध्ये घातलं की झालं. वैद्यांनी विचारलं, मोजलं का? त्याने सोनाराकडचा काटा आणला, पोत्यातून 100 ग्रॅम काढले, देठ आणि खडे वेगळे केले. साडेतीन ग्रॅम भरले. मेल तिथेच थांबली आणि काम टेबलावरून ताडपत्रीवर गेलं.

मी गेलो तेव्हा उरलेल्या पोत्यांची निवड चालली होती. एक मावशी सुपात पिंपळी घेऊन बसल्या होत्या. ओढणी नाकावर बांधलेली, तरी डोळे पाणावलेले. हा माल हाताळला की बोटं जळजळतात आणि चुकून डोळ्याला लागली तर दिवस गेला. प्रत्येक कणसाचा देठ नखाने मोडून त्या बाजूला टाकत होत्या. मधूनच एखादं कणीस वाकवून बघत. कट्‌कन मोडलं तर वाळलं, लवलं तर परत उन्हात. पोत्यात गेलं तर आतून बुरशी धरतं आणि शेजारच्यालाही लावतं.

“दोन टक्के म्हंजे किती गा?” त्यांनी विचारलं.

पोराने काट्यावर दोन ग्रॅम देठ ठेवून दाखवले. चिमूटभरच दिसत होते.

“एवढंच? मंग हे तर एका सुपातच निंगते,” म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. त्या रोजंदारीवर होत्या. मेलमधला दीड ओळीचा आत्मविश्वास त्यांच्या नखांनी कमावलेला आहे आणि मेलखाली सही मात्र संचालकांची आहे, हे मला तिथून निघाल्यावरही खटकत राहिलं.

गेलेली मेल अशी होती:

‘विषय: वाळवलेली पानपिंपळी, 300 किलो, तेल्हारा

आपल्या सितोपलादी व त्रिकटू चूर्णात पिप्पली आहे. आमच्याकडे या हंगामाची 300 किलो आहे. जात लहान, पायपर लाँगम; बाहेरून येणारी मोठी जावा पिंपळी नाही. 100 ग्रॅम नमुन्यात देठ, काड्या व माती मिळून 1.6 ग्रॅम निघाली. प्रयोगशाळेचा अहवाल आमच्याकडे नाही. यापेक्षा जास्त माल यंदा देता येणार नाही. तपासणीसाठी 200 ग्रॅम नमुना कोणाच्या नावे पाठवू?’

जावा पिंपळीचा उल्लेख वैद्यांनीच घालायला लावला. तिची कणसं जाड आणि लांब असतात, ती आग्नेय आशियातून येते आणि बाजारात पिंपळी म्हणूनच खपते. घेणाऱ्याच्या मनात हीच शंका पहिली येणार. अहवाल नसल्याचं वाक्य काढून टाका, असं एका संचालकांचं म्हणणं होतं. पोरगा अडून बसला आणि त्याचं बरोबर होतं. नमुना गेल्यावर ते कळणारच होतं.

उत्तर आलं ते खरेदी विभागाकडून नव्हे, गुणवत्ता तपासणाऱ्या बाईंकडून. दराचा त्यात उल्लेख नव्हता. माल जमिनीवर वाळवता की ताडपत्रीवर, असं त्यांनी विचारलं होतं, कारण उघड्या मातीवर वाळवलेल्या फळाला चिकटलेली वाळू जाळल्यावर राखेत उतरते आणि आम्लातही विरघळत नाही. काही शेतकरी अजून अंगणातच वाळवतात. पोराने तसंच कळवलं आणि ताडपत्रीवरच्या मालाचा नमुना वेगळी चिठ्ठी लावून पाठवला. ऑर्डर अजून आलेली नाही. पुढच्या हंगामासाठी संस्थेने ताडपत्र्या मात्र घेतल्या आहेत.