सिकलसेल : एका प्रभागात तीन रुग्ण, शेजारी एकही नाही

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून प्रारंभ झाला. छत्तीसगढ व विदर्भ हे या आजाराचे जुने पट्टे असल्याने भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी कुटुंबांनाही तो अपरिचित नाही. तपासणीचे आकडे हाती आल्यावर मात्र ते वाचायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

प्रथम एका कुटुंबाचा विचार करू. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची संभाव्यता १/४ असते. म्हणून चार अपत्यांपैकी एकच आजारी होईल, किंवा पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची सुटली, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे, कारण प्रत्येक जन्माच्या वेळी संभाव्यता पुन्हा तीच असते. तीन अपत्ये असल्यास तिघेही रोगमुक्त असण्याची संभाव्यता ३/४ × ३/४ × ३/४, म्हणजे २७/६४ किंवा सुमारे ४२ टक्के येते. किमान एक रुग्ण असण्याची उरलेली ५८ टक्के. हेच द्विपद वितरण होय.

आता पद्मनाभपूरसारखा एखादा प्रभाग कल्पू. हिशेबापुरते दहापैकी एक व्यक्ती वाहक धरली, तर दोघेही वाहक असलेले जोडपे शंभरात एक आणि रुग्ण बालक सुमारे चारशे जन्मांत एक ठरते. प्रभागात वर्षाला ४०० जन्म होत असतील, तर सरासरी अपेक्षा एका रुग्णाची. घटना इतकी विरळ आणि जन्म इतके अधिक असले, की द्विपद वितरणाऐवजी प्वासाँ वितरण वापरता येते. त्याला सरासरीखेरीज काहीच लागत नाही. एकही रुग्ण नसण्याची संभाव्यता e⁻¹, म्हणजे ३६.८ टक्के. द्विपद सूत्राने ती ३६.७ टक्के येते. नेमका एक रुग्ण ३६.८, दोन १८.४, आणि तीन वा अधिक सुमारे ८ टक्के.

आठ टक्के ऐकून तीन रुग्णांचा प्रभाग संशयास्पद वाटेल. परंतु असे बारा प्रभाग असल्यास त्यांपैकी किमान एकात तीन वा अधिक रुग्ण आढळण्याची संभाव्यता सुमारे ६३ टक्के आहे. म्हणजे वर्तमानपत्रात ‘रोगाचा विळखा’ असा मथळा छापून येण्यास निव्वळ योगायोगही पुरेसा असतो. शून्य रुग्णांचा प्रभागही तेवढ्याने सुरक्षित ठरत नाही.

या गणितात दोन गृहीतके दडलेली आहेत. विवाह वाहकत्वाशी संबंध न ठेवता होतात आणि प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे जन्मतो, ही ती होत. प्रत्यक्षात विवाह बहुधा जातीतच होतात, वाहकांचे प्रमाण समाजागणिक बदलते, आणि अनेक वर्षांचे आकडे एकत्र केल्यास एकाच घरातील भावंडे मोजली जातात. त्यामुळे रुग्ण गुच्छाने आढळतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. प्वासाँ वितरणात प्रभागनिहाय संख्यांचे प्रचरण सरासरीइतकेच असते. सरासरी १ असताना प्रचरण ३ किंवा ४ येऊ लागले, तर वरचे आकडे बाजूला ठेवून प्रभागाऐवजी कुटुंबांची यादी हाती घ्यावी लागते.