सेन्सरचा नळ की पुश नळ?

ईसा टाउनमधली शाळा असो, क्लब असो की समारंभाचा हॉल, प्रसाधनगृहाची दुरुस्ती निघाली की समितीपुढे दोन कोटेशनं येतात. एकात सेन्सरचे नळ असतात, दुसऱ्यात पुश नळ. समितीवर तुम्ही असाल, तर सही करण्याआधी एवढं ऐका.

पुश नळाचं बटण दाबलं की आतला दट्ट्या सरकतो आणि पाणी सुरू होतं. मग एका बारीक छिद्रातून दट्ट्यामागच्या पोकळीत पाणी झिरपतं आणि दट्ट्या हळूहळू जागेवर येतो. ती पोकळी भरायला लागणारा वेळ, तेवढा वेळ नळ चालू. सेन्सरच्या नळात एक डोळा न दिसणारा प्रकाश सोडत राहतो. तो हातावर आपटून परतला की विजेची झडप उघडते आणि हात काढला की मिटते. तिला वीज लागते ती फक्त उघडताना आणि मिटताना, क्षणभर.

म्हणून बॅटरीचा हिशोब जरा वेगळा आहे. चार एए सेलवरचा नळ घ्या आणि सेलची क्षमता २,५०० मिलिअँपिअर-तास धरा. डोळा नुसता पाहत राहण्यात दिवसाला २ जातात आणि शंभर वापरांना साधारण १.२, असं समजू. रोज २०० वेळा वापर असेल तर दिवसाचा खर्च ४.४, म्हणजे सेल सुमारे १९ महिने टिकतील. तोच नळ फक्त शुक्रवारी २०० वेळा वापरला, तर वापर सातव्या हिश्शावर येतो, पण आयुष्य सातपट होत नाही. जेमतेम तीन वर्षांपर्यंत जातं. कारण हॉलला कुलूप असलं तरी डोळा जागाच असतो. त्यात उन्हाळ्यात बंद, तापलेल्या खोलीत सेल लवकर उतरतात आणि कधी गळतातही. विक्रेता ‘तीन वर्षं’ म्हणाला, तर ‘रोज किती वापर धरून?’ असं विचारा. सेल बदलताना चारही एकदम बदला. नव्यात जुना मिसळू नका.

पाणी किती वाचेल, हे मात्र डोळ्यापेक्षा नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जास्त अवलंबून असतं. मिनिटाला ६ लिटर सोडणारा पुश नळ १५ सेकंद चालला तर एका दाबाला दीड लिटर जातं. त्याच नळाला २ लिटरची जाळी बसवली की अर्धा लिटर. सेन्सरचा नळही ६ लिटरचा असेल आणि हात त्याखाली १० सेकंद राहिले, तर एक लिटर जातंच. म्हणजे स्वस्त नळ आणि चांगली जाळी ही जोडी महाग नळाला मागे टाकू शकते. बसवल्यावर मोजण्याचा कप आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन स्वतः मोजा.

दोन्ही नळ पाण्याच्या दाबावर मिटतात, हे विसरू नका. टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तर दाब १ बार मिळतो. एकमजली इमारतीच्या छतावरची टाकी जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच सेन्सर नळांना किमान अर्धा बार तरी लागतो. त्याखाली झडप नीट बसत नाही आणि नळ ठिबकत राहतो. तिथे पंप हवा, नाहीतर कमी दाबावर चालणारा नळ.

देखभालीत दोघांचाही शत्रू एकच: क्षार आणि रेती. पुश नळाच्या बारीक छिद्रात कचरा अडकला की १५ सेकंदांचे ४० होतात, पुढे तो मिटतच नाही. म्हणून महिन्यातून एकदा सेकंद मोजा. वेळ वाढू लागला की दट्ट्या काढून धुवायची वेळ झाली. सेन्सरचा नळ हात नसताना सुरू होत असेल, तर आधी डोळ्यावरचा डाग पुसा, मग समोरच्या चकचकीत भांड्यावरून प्रकाश परततोय का ते बघा. लुकलुकणारा लाल दिवा बहुधा सेल संपत आल्याचं सांगतो.

आता समजा, शुक्रवारी रात्री एक पुश नळ अडकला आणि हॉलला कुलूप लागलं. मिनिटाला २ लिटर म्हणजे दिवसाला २,८८० लिटर. हजार लिटरची टाकी आठ तास वीस मिनिटांत रिकामी. म्हणून आठवड्यातून एकदाच उघडणाऱ्या हॉलला माझं मत पुश नळाला आहे, पण कुलूप लावताना मुख्य कॉक बंद करायचाच, या अटीवर. जिथे रोज सफाई कर्मचारी असतो आणि बटण दाबायला जोर न पुरणारी लहान मुलं येतात, तिथे सेन्सरचे पैसे वसूल होतात.

कोटेशनवर जाळीचे लिटर, किमान दाब आणि सुट्या भागांची किंमत लिहून मागा. नुसता नळाचा भाव पुरत नाही.